४.७ किलोओहमचा हिशोब

रास्पबेरी पायच्या चाळीस पिनांपैकी तिसऱ्या आणि पाचव्या पिनेला बोर्डावरच १.८ किलोओहमचे दोन रेझिस्टर सोल्डर केलेले असतात. त्यांचं दुसरं टोक ३.३ व्होल्टला जातं. पाय विकत घेणाऱ्या बहुतेकांना ते तिथे आहेत हेच माहीत नसतं. मग लॅमिंग्टन रोडवरून किंवा बुधवार पेठेतून दोन ओळींचा एलसीडी आणला जातो. त्याच्या पाठीवरच्या छोट्या बोर्डावर ४७२ असं छापलेले आणखी दोन रेझिस्टर असतात, म्हणजे ४.७ किलोओहम, आणि ते ५ व्होल्टला जोडलेले असतात. घड्याळाचा बोर्ड आणावा, तर त्यावर ३.३ किलोओहमचे दोन. या दोन व्होल्टेजांच्या मध्ये बसवायला लेव्हल शिफ्टर आणावा, तर त्याच्या दोन्ही बाजूंना १० किलोओहमचे. जोडणाऱ्याने स्वतः एकही पुल-अप लावलेला नसतो आणि प्रत्येक तारेवर पाच पुल-अप बसलेले असतात.

एवढं असूनही पडद्यावर अक्षरं उमटतात आणि घड्याळही वेळ सांगतं. मग काही दिवसांनी केबल थोडी लांब केली, एखादा सेन्सर वाढवला किंवा खोकं उन्हात ठेवलं, की अधूनमधून एखादं उपकरण दिसेनासं होतं. अशा वेळी लोक प्रोग्राममध्ये चूक शोधत बसतात. पुढची पानं ज्या हिशोबाबद्दल आहेत तो या पाच रेझिस्टरांचा हिशोब आहे. तो कागदाच्या अर्ध्या पानावर मावतो, आणि तरी तो करणारे फार थोडे असतात याचं मला खरोखर वाईट वाटतं.

आधी ओपन-ड्रेन म्हणजे काय ते नीट पाहू. साध्या डिजिटल पिनेच्या आत दोन ट्रान्झिस्टर असतात. एक तारेला वर पुरवठ्याकडे ओढतो, दुसरा खाली ग्राउंडकडे. ओपन-ड्रेन पिनेत वरचा ट्रान्झिस्टर नसतोच. अशी पिन तार खाली ओढू शकते किंवा सोडून देऊ शकते, तिसरं काही करू शकत नाही. सोडलेली तार वर नेण्याचं काम बाहेरच्या रेझिस्टरचं. जुन्या एसटीत छताखालून गेलेली घंटीची दोरी आठवा. कंडक्टर असो वा मागच्या बाकावरचा प्रवासी, कुणीही ओढावी आणि घंटा वाजावी. सोडली की दोरी आपोआप जागेवर. दोघांनी एकदम ओढली तरी काही तुटत नाही. आपल्या तारेवर ती परत आणणारी स्प्रिंग म्हणजे पुल-अप रेझिस्टर.

फिलिप्स कंपनीने १९८२च्या सुमारास आणलेली आय-टू-सी ही बस याच तत्त्वावर उभी आहे. दोनच तारा, एक घड्याळाची आणि एक माहितीची, आणि त्यांवर अनेक चिप. आठ बिट पाठवून झाले की पाठवणारा माहितीची तार सोडून देतो, आणि नवव्या बिटाला ऐकणारा ती खाली ओढून पोचपावती देतो. म्हणजे एकाच तारेवर बोलणारा दर नऊ बिटांत बदलतो. एखादी चिप मंद असेल तर ती घड्याळाची तारही खाली धरून ठेवते आणि समोरच्याला थांबायला लावते. हे सगळं शक्य होतं ते कुणीही तार जोर लावून वर ढकलत नाही म्हणून. एकाने वर ढकलली आणि त्याच क्षणी दुसऱ्याने खाली ओढली, तर ते सरळ शॉर्ट सर्किट झालं असतं.

तेव्हा रेझिस्टर हा पिनेच्या बाहेर ठेवलेला तिचाच अर्धा भाग आहे. तो किती ओहमचा असावा याला दोन मर्यादा आहेत, आणि त्या दोन वेगळ्या कारणांतून येतात.

खालची मर्यादा ओढणाऱ्याच्या ताकदीची. रेझिस्टर जितका लहान, तितका तार खाली धरणाऱ्या चिपला जास्त प्रवाह गिळावा लागतो. आय-टू-सीच्या नियमांप्रमाणे साध्या चिपने ३ मिलिअँपिअर गिळताना तार ०.४ व्होल्टच्या वर जाऊ देता कामा नये. त्याहून जास्त प्रवाहाची हमी कुणी देत नाही. म्हणून:

```
Rmin = (VDD - 0.4 V) / 3 mA
5 V   : 4.6 V / 3 mA = 1533 ohm
3.3 V : 2.9 V / 3 mA =  967 ohm
```

वरची मर्यादा वेळेची. प्रत्येक पिन, प्रत्येक सेंटिमीटर तार आणि प्रत्येक कनेक्टर थोडा कपॅसिटन्स घेऊन येतो. तार सोडली की तो सगळा कपॅसिटन्स रेझिस्टरमधून भरावा लागतो, आणि रेझिस्टर मोठा असेल तर तो हळू भरतो. व्होल्टेज पुरवठ्याच्या ३० टक्क्यांपासून ७० टक्क्यांपर्यंत चढायला लागणारा वेळ मोजायचा असा नियम आहे, कारण ३० टक्क्यांखाली शून्य आणि ७० टक्क्यांवर एक, असं चिप मानते. मधला पट्टा कुणाचाच नाही. कपॅसिटर भरण्याच्या वक्रावर या दोन टप्प्यांमधलं अंतर RC च्या ०.८४७३ पट येतं. हा आकडा वरून टाकलेला नाही, ०.७ भागिले ०.३ याचा तो नैसर्गिक लॉगॅरिदम आहे. १०० किलोहर्ट्झला हा चढ १००० नॅनोसेकंदांत संपायला हवा, ४०० किलोहर्ट्झला ३०० नॅनोसेकंदांत.

```
Rmax = tr / (0.8473 * C)
C = 100 pF, 100 kHz : 11.8 kohm
C = 100 pF, 400 kHz :  3.5 kohm
```

आता त्या प्रसिद्ध ४.७ किलोओहमकडे पाहा. ५ व्होल्टची बस, १०० किलोहर्ट्झ, टेबलावरच्या छोट्या जोडणीचा शंभरेक पिकोफॅरड कपॅसिटन्स. खालची मर्यादा दीड किलोओहम, वरची बारा किलोओहमच्या जरा आत. ४.७ दोन्हींपासून दूर, सुरक्षित जागी बसतो. म्हणून तो इतक्या बोर्डांवर चालतो. पण त्याची सुरक्षितता त्या परिस्थितीची आहे. तीच बस ४०० किलोहर्ट्झवर नेली की वरची मर्यादा ३.५ किलोओहमवर येते आणि ४.७ बाहेर पडतो. कपॅसिटन्स दुप्पट झाला तर ती १.७७ किलोओहमवर येते, म्हणजे खालच्या मर्यादेला जवळजवळ टेकते.

दोन्ही मर्यादा एकमेकींना ओलांडू शकतात, हे फार कमी जणांच्या लक्षात येतं. ५ व्होल्टला, ४०० किलोहर्ट्झवर आणि ३ मिलिअँपिअरच्या चिपांसह २३० पिकोफॅरडच्या पुढे गेलं की कोणताही रेझिस्टर बरोबर ठरत नाही. नियमपुस्तक बसला ४०० पिकोफॅरडपर्यंत परवानगी देतं खरं, पण त्या वेगाला तेवढा भार पेलायचा तर चिपने ०.६ व्होल्टला ६ मिलिअँपिअर गिळायला हवेत, असंही तिथेच म्हटलेलं आहे. अशा ठिकाणी रेझिस्टर बदलत बसू नये. वेग कमी करावा, केबल तोडावी किंवा मध्ये बफर घालावा.

चिपच्या आतले पुल-अप पुरतील का, हा प्रश्न हमखास येतो. ईएसपी३२च्या आतला पुल-अप साधारण ४५ किलोओहमचा आहे. शंभर पिकोफॅरडवर त्याचा चढ ३.८ मायक्रोसेकंद होतो, म्हणजे मुभेच्या जवळजवळ चौपट. ते बटणासाठी ठीक आहेत, बससाठी नाहीत.

इथवर एकच व्होल्टेज होतं. दोन व्होल्टेज आली की पहिला प्रश्न, समोरची चिप 'एक' कशाला म्हणते? याचं उत्तर व्होल्टेजवरून नाही, त्या चिपच्या डेटाशीटवरूनच मिळतं. एलसीडीच्या पाठीवरची पीसीएफ८५७४ ही चिप ५ व्होल्टवर चालत असेल तर तिला किमान ३.५ व्होल्ट दिसले तरच ती ते 'एक' मानण्याची हमी देते. ३.३ व्होल्टची तार तिला पुरेशी नाही. चालली तर ती त्या नगाची मेहरबानी. उलट घड्याळाची डीएस१३०७ ही चिप ५ व्होल्टचीच असूनही २.२ व्होल्टला 'एक' मानते. म्हणजे तिच्या बोर्डावरचे ५ व्होल्टला गेलेले पुल-अप काढून टाकले, तर ती एकटी चिप पायच्या ३.३ व्होल्टच्या तारेवर शिफ्टरशिवाय नियमांत राहून चालते. हे पाहूनच लोक 'ओपन-ड्रेनला शिफ्टर लागत नाही' असा सरसकट निष्कर्ष काढतात. तो त्या चिपपुरता खरा आहे. त्याच बोर्डावर बहुधा २४सी३२ ही मेमरी चिपही असते, आणि तिला पुरवठ्याच्या ७० टक्के, म्हणजे पुन्हा ३.५ व्होल्ट हवे असतात.

शिफ्टर न लावता एलसीडी सरळ पायला जोडला तर काय होतं, हेही आकड्यांत पाहण्यासारखं आहे. तार आता दोघांच्या मध्ये ताणलेली आहे: १.८ किलोओहमने ३.३ कडे, ४.७ किलोओहमने ५ कडे. मोकळी सोडल्यावर ती सुमारे ३.७७ व्होल्टवर स्थिरावते. पीसीएफ८५७४ला ३.५ हवे होते, ते मिळाले, आणि ३.३ची सवय असलेल्या पायच्या पिनेवर अर्धा व्होल्ट जास्त आला, जो तिने निमूट सोसला. म्हणून ते 'चालतं'. त्याच तारेवर घड्याळाचा बोर्ड त्याच्या ३.३ किलोओहमसह लावला की तार ४.१ व्होल्टवर चढते. आता पिनेवर मर्यादेपेक्षा ०.८ व्होल्ट जास्त आहे, आणि अशा पिनांतले संरक्षक डायोड साधारण याच सुमाराला वाहू लागतात. पायची पिन ५ व्होल्ट सोसणारी नाही. तिच्यावर कायमचा असा भार ठेवणं मला कोणत्याही तात्पुरत्या जोडणीतसुद्धा मान्य नाही.

मग शिफ्टर कोणता? दोन दिशांना जोर लावून ढकलणारे शिफ्टर इथे नकोत. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सच्या टीएक्सबी मालिकेतल्या चिप दिशा स्वतः ओळखतात, पण त्या साध्या, दोन ट्रान्झिस्टरांच्या पिनांसाठी आहेत, आपल्या १.८ किलोओहमच्या पुल-अपशी त्यांचं जमत नाही. ओपन-ड्रेनसाठी त्याच कंपनीची टीएक्सएस मालिका आहे. नावात एका अक्षराचा फरक असल्याने दुकानात गफलत होते आणि बस अर्धवट चालते. दोन रेझिस्टरांचा विभाजकही इथे निरुपयोगी, कारण तो एकाच दिशेचा असतो आणि पोचपावती उलट दिशेने यायची असते.

माझी पसंती त्या साध्या, एका मॉस्फेटच्या मंडलाला आहे. फिलिप्सचे हर्मन शुट्टे यांनी १९९७च्या टिपणात ते मांडलं, आणि आज बाजारात मिळणाऱ्या चार वाहिन्यांच्या छोट्या बोर्डांवर बीएसएस१३८ हा मॉस्फेट घेऊन तेच बसवलेलं असतं. एन-चॅनेल मॉस्फेटचं गेट ३.३ व्होल्टला, सोर्स ३.३ च्या तारेला, ड्रेन ५ च्या तारेला. बस एवढंच, शिवाय दोन्ही बाजूंना एकेक पुल-अप.

ते चालतं कसं हे समजून घेण्यात मला दर वेळी आनंद होतो. दोन्ही बाजू मोकळ्या असताना सोर्स ३.३ वर आणि गेटही ३.३ वर, त्यामुळे मॉस्फेट बंद, आणि प्रत्येक तार आपापल्या पुरवठ्यावर निवांत. ३.३ च्या बाजूने कुणी तार खाली ओढली की सोर्स शून्याकडे जातो, गेट त्याच्यापेक्षा ३.३ व्होल्टने वर राहतं, मॉस्फेट चालू होतो आणि ५ ची तारही खाली येते. ५ च्या बाजूने ओढली तर गेटला सुरुवातीला काहीच कळत नाही. पण मॉस्फेटच्या घडणीतच सोर्सकडून ड्रेनकडे वाहणारा एक डायोड असतो. तो ३.३ ची तार साधारण ०.७ व्होल्टपर्यंत खाली आणतो. तेवढ्यात सोर्स आणि गेट यांच्यातलं अंतर उंबरठ्याच्या वर गेलेलं असतं, मॉस्फेट चालू होतो आणि उरलेलं अंतर तोच मिटवतो. दिशा सांगणारी पिन नाही, दिशेचा अंदाज घेणारं काही नाही. जो ओढेल त्याची दिशा.

पण याच सुबकतेत आपल्या हिशोबाची मेख आहे. मॉस्फेट चालू असताना दोन्ही तारा एक झालेल्या असतात. म्हणून जी चिप तार खाली धरते, तिला आपल्या बाजूच्याच नव्हे तर दोन्ही बाजूंच्या सगळ्या पुल-अपचा प्रवाह गिळावा लागतो. दोन बाजूंचे रेझिस्टर वेगवेगळे मोजून, दोन्ही नियमांत बसतात म्हणून समाधान मानणं ही या विषयातली सगळ्यात जास्त आढळणारी चूक आहे.

सुरुवातीची जोडणी पुन्हा घेऊ. पाय, शिफ्टर, एलसीडी, घड्याळ, वेग १०० किलोहर्ट्झ. तार ०.४ व्होल्टवर धरली आहे असं समजून प्रत्येक रेझिस्टरमधून किती प्रवाह येतो ते पाहू.

```
Pi          3.3 V, 1.8k : 1.61 mA
shifter     3.3 V, 10k  : 0.29 mA
shifter     5 V,   10k  : 0.46 mA
LCD         5 V,   4.7k : 0.98 mA
RTC         5 V,   3.3k : 1.39 mA
                  total : 4.73 mA
```

एकही रेझिस्टर एकटा घेतला तर अवाजवी नाही. बेरीज मात्र हमीच्या दीडपटीहून जास्त आहे. पायला याचा त्रास होत नाही, तिच्या पिना तेवढं सहज गिळतात. त्रास होतो उत्तर देणाऱ्याला. पीसीएफ८५७४ची हमी ३ मिलिअँपिअरला ०.४ व्होल्टची आहे, म्हणजे अगदी दुबळा नग १३३ ओहमसारखा वागेल. त्याच्यावर ४.७ मिलिअँपिअर टाकले की त्याची पोचपावती सव्वासहाशे मिलिव्होल्टच्या आसपास थांबते. ३.३ व्होल्टच्या बाजूला ९९० मिलिव्होल्टखालचं सगळं शून्य धरलं जातं, त्यामुळे ती वाचली जाते. पण ५९० मिलिव्होल्टची मोकळीक ३६० वर आलेली असते. उरलेली लांब केबलवरचा गोंगाट, ग्राउंडच्या पातळ तारेवरचा दाब आणि खोक्यातली उष्णता मिळून खातात. तापल्यावर ट्रान्झिस्टरची ओढ कमी होते, हे उन्हातल्या खोक्याचं कारण असू शकतं.

काय काढावं? पायचे १.८ किलोओहम काढणं व्यवहार्य नाही. त्यांनी ३ पैकी १.६ मिलिअँपिअर आधीच खर्च केलेत हे मान्य करूनच पुढे जायचं. घड्याळाचे ३.३ किलोओहम सर्वांत महाग, ते आधी काढावेत. एवढ्याने भागत नाही, बेरीज अजून ३.३४ आहे. आता दोन वाटा आहेत. एलसीडीचे ४.७ काढून शिफ्टरचे १० ठेवले तर प्रवाह २.३६ मिलिअँपिअरवर येतो, पण ५ व्होल्टच्या बाजूला एकटा १० किलोओहम उरतो. तिथे तीन चिपांचे तीसेक पिकोफॅरड, अर्धा मीटर तारेचे चाळीसेक, मॉस्फेट आणि बोर्डावरच्या रेघांचे मिळून शंभरेक धरले, तर चढ ८४७ नॅनोसेकंदांचा होतो. १००० च्या आत आहे, पण उद्या केबल वाढली की बाहेर. दुसरी वाट म्हणजे शिफ्टरचे दोन्ही बाजूंचे १० किलोओहम काढून एलसीडीचे ४.७ ठेवणं. प्रवाह १.६१ अधिक ०.९८, म्हणजे २.५९ मिलिअँपिअर, चढ ३९८ नॅनोसेकंद. दोन्ही मर्यादांपासून अंतर राखणारी ही वाट आहे आणि मी तीच घेतो. ४०० किलोहर्ट्झसाठी ती पुरणार नाही, पण डीएस१३०७ आणि पीसीएफ८५७४ दोन्ही १०० किलोहर्ट्झच्याच चिप आहेत, त्यामुळे तो प्रश्न इथे उद्भवत नाही.

चढाच्या हिशोबात मी दोन्ही बाजू वेगळ्या धरल्या. प्रत्यक्षात तार सोडल्यावर सुरुवातीला मॉस्फेट अजून चालूच असतो आणि दोन्ही बाजू हातात हात घालून चढतात. ३.३ मधून उंबरठ्याचा सव्वाएक व्होल्ट वजा केला की साधारण २ व्होल्ट उरतात. तिथे त्यांची ताटातूट होते. पुढचा प्रवास प्रत्येकीने आपल्या रेझिस्टरने करायचा. ५ च्या बाजूला ३.५ पर्यंतचा बराचसा चढ एकटीनेच करावा लागतो, म्हणून तिच्या स्वतःच्या रेझिस्टरवर मोजणं योग्य ठरतं.

हे सगळं कागदावरचं. टेबलावर ते तपासायला मल्टिमीटर पुरतो. पुरवठा चालू, बस निवांत, मीटर मिलिअँपिअरवर, एक टोक माहितीच्या तारेला आणि दुसरं ग्राउंडला. ओपन-ड्रेन तार ग्राउंडला टेकवल्याने काही बिघडत नाही, कारण तिला वर ढकलणारे फक्त रेझिस्टर आहेत. मीटरवर दिसेल तो सगळ्या पुल-अपचा एकत्रित प्रवाह, आणि मध्ये शिफ्टर असेल तर दोन्ही बाजूंची बेरीज, कुठल्याही बाजूला मोजा. वरच्या मूळ जोडणीत तो ५.२ मिलिअँपिअरच्या आसपास दिसायला हवा, ०.४ ऐवजी शून्य व्होल्टवर मोजतोय म्हणून बेरजेपेक्षा थोडा जास्त. सुधारलेल्या जोडणीत २.९. घड्याळाच्या तारेवर हा प्रयोग करताना मात्र एक सावधगिरी: काही प्रोग्राम ती तार साध्या पिनेसारखी जोर लावून वर ढकलतात. तशा वेळी ती ग्राउंडला टेकवणं म्हणजे पिनेचं शॉर्ट सर्किट. कोणता प्रोग्राम चालू आहे ते माहीत नसेल तर ती तार सोडून द्यावी.

ऑसिलोस्कोप असेल तर दोन्ही आजार वेगवेगळे ओळखता येतात. रेझिस्टर फार मोठा असेल तर चढणारी कड उभी न राहता शार्कच्या पंखासारखी वळते आणि वर पोचायच्या आधीच पुन्हा खाली येते. रेझिस्टर फार लहान असेल तर चढ सुरेख दिसतो, आणि म्हणूनच हा आजार नजरेतून सुटतो. तो शोधायचा तर तारेचा तळ पाहावा. आठ बिटांचा तळ जवळजवळ शून्यावर आणि नवव्या बिटाचा तळ पायरीसारखा वर उचललेला दिसला, तर ती उत्तर देणाऱ्या चिपची धाप आहे. `i2cdetect -y 1` ही आज्ञा पुन्हापुन्हा दिल्यावर एखादा पत्ता कधी दिसतो, कधी नाही, असं होत असेल तर स्कोप याच नवव्या बिटावर लावावा.

मोजताना प्रोब १०x वर ठेवायला विसरू नये. तसा तो बसवर दहा-पंधरा पिकोफॅरडच टाकतो. १x वर ठेवला तर शंभराच्या आसपास टाकतो, आणि आपण मोजतो ती बस आपणच बदललेली असते. १०x वर मोजलेला चढ आणि माहीत असलेला रेझिस्टर यांवरून कपॅसिटन्स उलट काढता येतो: चढाच्या वेळेला ०.८४७३ आणि रेझिस्टर यांच्या गुणाकाराने भागायचं. अंदाजाने धरलेल्या शंभर पिकोफॅरडपेक्षा हा आकडा कधीही चांगला. फक्त शिफ्टर असताना वर सांगितलेल्या जोडचढामुळे तो थोडा चुकतो, म्हणून शिफ्टर काढून, त्या बाजूला एकच पुल-अप ठेवून मोजावं.

आता या मंडलाच्या मर्यादा. मॉस्फेटचा उंबरठा गेटच्या व्होल्टेजपेक्षा पुष्कळ खाली हवा. बीएसएस१३८चा तो दीड व्होल्टच्या आत असतो, म्हणून ३.३ ला तो निर्धास्त चालतो. त्याच्या जागी हाताशी असलेला २एन७००० लावण्याचा मोह होतो, पण त्याचा उंबरठा ३ व्होल्टपर्यंत असू शकतो. एखादा नग चालेल, पुढचा अर्धवट उघडेल. १.८ व्होल्टच्या बाजूसाठी तर बीएसएस१३८ही पुरत नाही, तिथे आणखी खालच्या उंबरठ्याचा मॉस्फेट हवा.

दुसरी मर्यादा पुरवठा बंद करण्याची. ३.३ चा पुरवठा गेला आणि ५ चा राहिला तर गेट शून्यावर, मॉस्फेट बंद, डायोडही उलटा; पायच्या पिनेवर ५ व्होल्टच्या बाजूने काही येत नाही. हा या मंडलाचा मोठा गुण आहे. उलट झालं तर तसं नाही. ५ चा पुरवठा मेला आणि ३.३ चा जिवंत राहिला, तर मॉस्फेटमधला तोच डायोड ३.३ च्या तारेतून ५ च्या मेलेल्या पुल-अपकडे वाहू लागतो. आपल्या सुधारलेल्या जोडणीत पायच्या बाजूची मोकळी तार मग अडीच व्होल्टवर रेंगाळते. 'एक' मानण्याची तिची किमान पातळी २.३ आहे, म्हणजे ३.३ च्या बाजूला आणखी सेन्सर असतील तर ते जेमतेम चालतील. ५ च्या बाजूला काढून टाकलेले रेझिस्टर पुन्हा लावले, तर तेही चालणार नाहीत. एलसीडीला आणि घड्याळाला ५ व्होल्ट पायच्याच पिनेवरून दिले तर ही वेळ येत नाही, कारण दोन्ही पुरवठे एकत्रच येतात आणि एकत्रच जातात. वेगळा ॲडॉप्टर लावायचा असेल, तर त्याचा आणि पायचा स्विच एकच ठेवावा.